अमोनियाचं टायट्रेशन: आम्ल घालत जाताना प्रत्येक टप्प्यावर pH कसा काढायचा

सौम्य आम्लारी आणि तीव्र आम्ल यांच्या टायट्रेशनचं गणित तपासताना एक गोष्ट मला वारंवार दिसते. सूत्रं सगळ्यांना पाठ असतात, पण एका टप्प्याचं सूत्र दुसऱ्या टप्प्यावर लावलं जातं आणि उत्तर चुकतं. म्हणून या लेखात मी सूत्रापासून सुरुवात करणार नाही. दर वेळी एकच प्रश्न विचारायचा: आत्ता शंकुपात्रात नेमकं काय काय आहे, आणि किती आहे? त्याचं उत्तर कागदावर उतरलं की कोणतं सूत्र लावायचं ते आपोआप कळतं.

उदाहरण एकच घेऊ आणि शेवटपर्यंत तेच चालवू. शंकुपात्रात 0.100 M अमोनियाचं 25.00 mL द्रावण आहे. ब्युरेटमध्ये 0.100 M हायड्रोक्लोरिक आम्ल आहे. तापमान 25 °C. अमोनियाचा Kb 1.8 × 10⁻⁵ आहे. (pH ला मराठी पुस्तकांत सामू म्हणतात. मी इथे pH असंच लिहितो, कारण सूत्रांत तेच येतं.)

सुरू करण्याआधी दोन आकडे काढून ठेवा

पहिला आकडा म्हणजे अमोनियम आयनाचा Ka. आम्ल घालायला लागल्यावर शंकुपात्रात NH₄⁺ तयार होतो, आणि तो स्वतः एक सौम्य आम्ल आहे. त्याचा Ka अमोनियाच्या Kb वरून मिळतो:

Ka = Kw / Kb = (1.0 × 10⁻¹⁴) / (1.8 × 10⁻⁵) = 5.56 × 10⁻¹⁰

pKa = 9.26

काही तक्त्यांत तुम्हाला 9.25 किंवा 9.24 दिसेल. Kb किती अंकांपर्यंत घेतला यावर तो फरक असतो, त्याने गोंधळून जाऊ नका. गणितात शेवटपर्यंत एकच किंमत धरून चला, एवढंच.

दुसरा आकडा समतुल्य बिंदूचा. शंकुपात्रात अमोनिया किती आहे? 25.00 mL × 0.100 M = 2.50 मिलिमोल. तेवढ्याच मिलिमोल आम्लासाठी 0.100 M चं 25.00 mL द्रावण लागेल. म्हणजे समतुल्य बिंदू 25.00 mL वर. हा आकडा आधी माहीत असला की पुढचं प्रत्येक आकारमान त्याच्या अलीकडचं आहे, नेमकं त्यावरचं आहे की पलीकडचं, हे लगेच ठरतं. निम्मी लढाई तिथेच संपते.

mL ला M ने गुणलं की मिलिमोल येतात. लिटरमध्ये रूपांतर करून 0.00250 मोल लिहीत बसलात तर शून्यं मोजण्यात चुका होतात. माझा आग्रह असतो की या गणितात मिलिमोलच वापरा.

आम्ल घालण्यापूर्वी: 0 mL

पात्रात काय आहे? फक्त अमोनिया आणि पाणी. अमोनियाचा थोडासा भाग पाण्याकडून प्रोटॉन घेतो आणि OH⁻ तयार होतो:

NH₃ + H₂O ⇌ NH₄⁺ + OH⁻

जेवढा OH⁻ तेवढाच NH₄⁺. त्याला x म्हणू. मग x² / (0.100 − x) = 1.8 × 10⁻⁵. x हा 0.100 च्या मानाने फार लहान आहे असं धरलं तर x = √(1.8 × 10⁻⁶) = 1.34 × 10⁻³ M. त्यावरून pOH = 2.87 आणि pH = 11.13.

वर्गसमीकरण पूर्ण सोडवलं तर x = 1.33 × 10⁻³ आणि pH = 11.12 येतो. फरक दुसऱ्या दशांश स्थळावर एकाचा. अमोनियाचा जवळपास 1.3 टक्के भागच आयनांत गेलेला आहे, म्हणून गृहीतक चाललं. Kb याहून बराच मोठा असेल, किंवा द्रावण फार विरळ असेल, तर मात्र वर्गसमीकरणच सोडवा.

आम्ल पडायला लागल्यावर: आधी मिलिमोल, मग pH

आता ब्युरेटचा नळ उघडू. पडणाऱ्या आम्लाचा प्रत्येक प्रोटॉन अमोनिया गिळून टाकतो:

NH₃ + H₃O⁺ → NH₄⁺ + H₂O

या अभिक्रियेचा समतोल स्थिरांक 1/Ka, म्हणजे सुमारे 1.8 × 10⁹ आहे. इतक्या मोठ्या स्थिरांकाचा अर्थ असा की अभिक्रिया पूर्ण झाली असं धरायला हरकत नाही. म्हणून बाण एकाच दिशेचा काढला आहे. आम्लाचे जितके मिलिमोल घातले तितके अमोनियाचे कमी झाले आणि तितकेच NH₄⁺ चे वाढले. अमोनिया आणि अमोनियम दोन्ही बऱ्यापैकी प्रमाणात एकत्र असलं की ते बफर द्रावण होतं, आणि बफरसाठी हे सूत्र:

pH = pKa + log (NH₃ चे मिलिमोल / NH₄⁺ चे मिलिमोल)

इथे संहतीऐवजी मिलिमोल टाकले तरी चालतं, कारण दोन्ही एकाच द्रावणात आहेत. दोघांनाही एकाच एकूण आकारमानाने भागायचं असल्यामुळे तो भागाकार गुणोत्तरात निघून जातो. ही सवलत फक्त याच टप्प्यापुरती आहे, हे मात्र ध्यानात ठेवा.

5.00 mL आम्ल घातल्यावर बघू. आम्ल घातलं 0.50 मिलिमोल. अमोनिया उरला 2.50 − 0.50 = 2.00. अमोनियम झालं 0.50. गुणोत्तर 4, त्याचा लॉग 0.60. pH = 9.26 + 0.60 = 9.86.

10.00 mL वर अमोनिया 1.50, अमोनियम 1.00. गुणोत्तर 1.5, लॉग 0.18, pH 9.43. (9.26 आणि 0.18 यांची बेरीज 9.44 येते, पण अंक पूर्ण धरले, 9.255 + 0.176, तर 9.431. गोलाई शेवटच्या पायरीवरच करा.)

12.50 mL वर दोन्ही 1.25. गुणोत्तर 1, लॉग शून्य, म्हणून pH = pKa = 9.26. हा अर्धसमतुल्य बिंदू. प्रयोगातून pKa शोधायचा असेल तर आलेखावर याच जागी बघतात.

20.00 mL वर अमोनिया 0.50, अमोनियम 2.00. गुणोत्तर आता एक चतुर्थांश, लॉग −0.60, pH 8.65. 5 mL वर 9.26 च्या 0.60 वर होतो आणि 20 mL वर 0.60 खाली आहोत. अशा आरशासारख्या जोड्या तपासून पाहायला फार कामी येतात. 5 आणि 20 ची उत्तरं 9.26 पासून सारख्या अंतरावर नसतील तर कुठेतरी मिलिमोल मोजायला चुकलंय.

सूत्रात वर काय आणि खाली काय, याचा गोंधळ होत असेल तर तपासणी सोपी आहे. सुरुवातीला अमोनिया जास्त असतो, द्रावण जास्त आम्लारिधर्मी असतं, म्हणजे pH हा 9.26 पेक्षा जास्त यायला हवा. तो कमी येत असेल तर गुणोत्तर उलटं लिहिलंय. आणि सगळीच उत्तरं 4 ते 5 च्या आसपास येत असतील तर pKa च्या जागी pKb, म्हणजे 4.74, टाकला गेलाय. ही दुसरी चूक फार होते, कारण प्रश्नात दिलेला असतो तो Kb.

आता समतुल्य बिंदूच्या जवळ जाऊ. 24.00 mL वर अमोनिया फक्त 0.10 मिलिमोल उरलाय आणि अमोनियम 2.40. लॉग(1/24) = −1.38, pH 7.88. 24.90 mL वर अमोनिया 0.010, अमोनियम 2.49. लॉग(1/249) = −2.40, pH 6.86. 5 पासून 20 पर्यंत 15 mL आम्ल घातलं तेव्हा pH जेमतेम 1.2 ने उतरला होता. इथे 0.90 mL मध्येच तो एकाने उतरला. अमोनिया संपत आल्यामुळे प्रत्येक थेंबागणिक गुणोत्तर झपाट्याने बदलू लागलंय.

बफरचं सूत्र कुठे फसवतं

हेच सूत्र अगदी सुरुवातीला लावून बघा. 0.10 mL आम्ल घातल्यावर अमोनिया 2.49 आणि अमोनियम 0.010 मिलिमोल. गुणोत्तर 249, लॉग 2.40, म्हणून pH = 11.65?

थांबा. आम्ल घालण्यापूर्वी pH 11.12 होता. आम्ल घातल्यावर तो वाढणं शक्यच नाही. आकडेमोड बरोबर आहे, पण सूत्र इथे लागू होत नाही. सूत्राने धरलेलं असतं की पात्रातला NH₄⁺ सगळा आपण घातलेल्या आम्लातून आला. प्रत्यक्षात अमोनियाने पाण्याशी अभिक्रिया करून स्वतःच सुमारे 10⁻³ M अमोनियम तयार केलेलं आहे, आणि आपल्या 0.10 mL आम्लातून आलेलं अमोनियम त्याहून कमी, फक्त 4 × 10⁻⁴ M आहे. जे सोडून दिलं तेच मोठं निघालं.

अशा वेळी OH⁻ = x धरून पूर्ण समीकरण मांडायचं. एकूण आकारमान 25.10 mL. आम्लातून आलेलं अमोनियम 0.010/25.10 = 3.98 × 10⁻⁴ M. उरलेला अमोनिया 2.49/25.10 = 0.0992 M. मग

x (3.98 × 10⁻⁴ + x) / (0.0992 − x) = 1.8 × 10⁻⁵

सोडवल्यावर x = 1.14 × 10⁻³ आणि pH = 11.06. हे पटण्यासारखं आहे, 11.12 पासून थोडंसंच खाली.

1.00 mL वर काय होतं? सूत्राने 10.64 येतो, पूर्ण समीकरणाने 10.59. म्हणजे 1 mL वरच चूक 0.05 वर आली आणि पुढे ती झपाट्याने मिटत जाते. माझा नियम असा: गुणोत्तर 10 आणि 1/10 यांच्यामध्ये असेल तर सूत्र निर्धास्त वापरा. बाहेर गेलं की सूत्राने आलेल्या pH वरून H⁺ किंवा OH⁻ ची संहती काढा आणि ती अमोनिया किंवा अमोनियमच्या संहतीपेक्षा फार लहान आहे का ते बघा. 24.90 mL वर गुणोत्तर 1/249 असूनही सूत्र चाललं ते याचमुळे. तिथे अमोनिया 2 × 10⁻⁴ M आणि H⁺ फक्त 1.4 × 10⁻⁷ M, दोघांत हजारपटीहून जास्त अंतर.

समतुल्य बिंदू: 25.00 mL

या बिंदूवर pH 7 येतो असं लिहिलेलं मी खूपदा पाहिलंय. समतुल्य म्हणजे मोल जुळले, एवढंच. द्रावण उदासीन झालं असं त्यातून निघत नाही.

पुन्हा तोच प्रश्न: पात्रात काय आहे? अमोनिया संपला, आम्ल संपलं. उरलं ते 2.50 मिलिमोल अमोनियम क्लोराइड. Cl⁻ ला प्रोटॉन घेण्यात रस नाही, तो नुसता बघत बसतो. NH₄⁺ मात्र सौम्य आम्ल आहे, आणि तो pH ठरवतो.

इथे आकारमान विसरायचं नाही. 25 mL अमोनिया अधिक 25 mL आम्ल, एकूण 50 mL. NH₄⁺ ची संहती 2.50/50.0 = 0.0500 M. ती 0.100 M धरली तर pH 5.13 येतो, आणि चूक पुढच्या कोणत्याही पायरीत दिसून येत नाही. बफरमध्ये आकारमान निघून जात होतं, इथे ते जात नाही.

[H⁺] = √(Ka × 0.0500) = √(5.56 × 10⁻¹⁰ × 0.0500) = 5.27 × 10⁻⁶ M

pH = 5.28

मग pH 7 कुठे येतो? सूत्र उलटं चालवलं तर 24.86 mL वर. म्हणजे pH मीटर 7 दाखवू लागला म्हणून जो थांबेल तो 0.14 mL अलीकडेच थांबतो आणि अमोनियाची संहती सुमारे 0.6 टक्के कमी नोंदवतो. 0.14 mL म्हणजे जवळपास तीन थेंब.

पलीकडे गेल्यावर

हा टप्पा सगळ्यात सोपा. जादा तीव्र आम्ल पात्रात मोकळं आहे, त्याच्यापुढे NH₄⁺ ने दिलेला H⁺ नगण्य. जादा आम्लाचे मिलिमोल काढा, एकूण आकारमानाने भागा, लॉग घ्या.

25.10 mL: जादा 0.010 मिलिमोल, आकारमान 50.10 mL, [H⁺] = 2.0 × 10⁻⁴, pH 3.70.
26.00 mL: जादा 0.10, आकारमान 51.00, pH 2.71.
30.00 mL: जादा 0.50, आकारमान 55.00, pH 2.04.
40.00 mL: जादा 1.50, आकारमान 65.00, pH 1.64.

आलेख काढताना

सगळे बिंदू एकत्र असे दिसतात:

| घातलेलं आम्ल (mL) | pH |
|---|---|
| 0 | 11.12 |
| 1.00 | 10.59 |
| 5.00 | 9.86 |
| 10.00 | 9.43 |
| 12.50 | 9.26 |
| 20.00 | 8.65 |
| 24.00 | 7.88 |
| 24.90 | 6.86 |
| 25.00 | 5.28 |
| 25.10 | 3.70 |
| 26.00 | 2.71 |
| 30.00 | 2.04 |
| 40.00 | 1.64 |

आडव्या अक्षावर आकारमान, उभ्यावर pH. सुरुवातीला वक्र चटकन उतरतो, कारण तेव्हा पात्रात अमोनियम नसल्यातच जमा असतं आणि थोडंसं तयार झालं तरी समतोल बराच सरकतो. मग बफरचा लांब, जवळजवळ सपाट पट्टा येतो. 24 mL नंतर वक्र कड्यासारखा खाली कोसळतो आणि 26 च्या पुढे पुन्हा आडवा होत जातो. बिंदू समान अंतराने, दर 5 mL ला एक, घेतले तर हा कडा आलेखात सापडतच नाही, 20 mL आणि 30 mL च्या बिंदूंना जोडणारी तिरकी रेघ तेवढी उरते. सपाट भागात मोजके बिंदू पुरतात, 24 ते 26 मध्ये मात्र दाट घ्या. प्रत्यक्ष प्रयोगातही तेच: सुरुवातीला 2 mL ची पावलं, शेवटी एकेक थेंब.

दर्शक कोणता निवडायचा

कड्याची उंची बघा. 24.90 ते 25.10 या 0.20 mL मध्ये pH 6.86 वरून 3.70 वर येतो, म्हणजे सुमारे 3.2 एककं. याच संहतीचं सोडिअम हायड्रॉक्साइड असतं तर तोच कडा 10.30 पासून सुरू होऊन 3.70 पर्यंत, 6.6 एककांचा झाला असता. सौम्य आम्लारीमुळे वरचा अर्धा कडाच कापला गेलाय. म्हणून इथे दर्शकाची निवड जपून करावी लागते.

मिथाइल रेड साधारण pH 6.2 ते 4.4 मध्ये पिवळ्याचा लाल होतो, आणि आपला 5.28 नेमका या पट्ट्यात बसतो. हिशेब करून पाहिलं तर pH 6.2 हा 24.98 mL वर येतो आणि 4.4 हा 25.02 वर. म्हणजे संपूर्ण रंगबदल 0.04 mL मध्ये, एका थेंबात, उरकतो. याहून चांगला दर्शक या प्रयोगाला मागायची गरज नाही.

मिथाइल ऑरेंजचा पट्टा 4.4 ते 3.1. तोही चालतो, पण रंग बदलून पुरा व्हायला समतुल्य बिंदूपुढे 0.4 mL जावं लागतं. केशरी छटा दिसताच थांबलात तर चूक थोडी, लाल होण्याची वाट पाहिलीत तर दीड टक्क्याहून जास्त.

फिनॉल्फ्थॅलीन मात्र अजिबात नको. त्याचा गुलाबी रंग साधारण pH 10 ते 8.3 या दरम्यान जातो, आणि तो पट्टा आपल्या वक्रावर 3.8 mL पासून 22.5 mL पर्यंत पसरलाय. बफरच्या सपाट भागातच तो पडतो. गुलाबी रंग हळूहळू फिकट होत जातो, कुठे थांबायचं ते कळत नाही, आणि पूर्ण विरला तरी समतुल्य बिंदू अजून अडीच mL लांब असतो. सोडिअम हायड्रॉक्साइडच्या प्रयोगात फिनॉल्फ्थॅलीन छान चालतं, त्या सवयीने ते इथे वापरलं जातं. एकाच बाटलीतल्या अमोनियाच्या तीन वाचनांत एकेक mL चा फरक पडत असेल तर सगळ्यात आधी दर्शकाची बाटली बघा.

एकाच सूत्राने संपूर्ण वक्र

टप्प्याटप्प्याने काढलेली उत्तरं पडताळायची असतील तर गणित उलटं करा. आकारमान घेऊन pH शोधण्याऐवजी pH धरून आकारमान काढा. मग कोणतंही गृहीतक लागत नाही. द्रावणातला धन आणि ऋण प्रभार सारखा असतो, म्हणजे [NH₄⁺] + [H⁺] = [Cl⁻] + [OH⁻], एवढ्यावरून हे निघतं:

V = Vb × (Cb·α + Δ) / (Ca − Δ)

इथे α = [H⁺] / ([H⁺] + Ka) हा अमोनियाचा अमोनियम झालेला भाग, आणि Δ = [H⁺] − Kw/[H⁺]. Vb आणि Cb अमोनियाचे, Ca आम्लाची संहती.

pH 11 घालून बघा. α = 0.0177, Δ = −0.0010. V = 25 × (0.00177 − 0.0010) / 0.1010 = 0.19 mL. आधी 0.10 mL वर 11.06 आणि 1.00 mL वर 10.59 आला होता, त्यांच्या मध्ये हा बिंदू नीट बसतो. pH 3 घातला तर 25.51 mL. स्प्रेडशीटच्या एका स्तंभात 11.1 पासून 1.7 पर्यंत pH, शेजारी V, आणि वक्र तयार. तरीही शिकताना आधी हाताने टप्पे काढा असंच मी सांगेन, कारण वक्र असा का वळतो ते या एका सूत्रात दिसत नाही.

हे कुठपर्यंत चालतं

दोन्ही द्रावणं दहापट विरळ, 0.0100 M, केली तर समतुल्य बिंदू 5.28 वरून 5.78 वर सरकतो. 24.90 mL वरचा pH 6.86 च राहतो, कारण तो गुणोत्तरावर ठरतो. 25.10 वरचा मात्र 3.70 चा 4.70 होतो. कडा 3.2 वरून 2.2 एककांवर आला. मिथाइल रेड अजून चालेल, मिथाइल ऑरेंज आता नको.

आम्लारी अधिक सौम्य असेल तर कडा वरच्या बाजूने खचतो. पिरिडीनचा Kb साधारण 1.7 × 10⁻⁹ आहे, म्हणजे पिरिडिनिअमचा pKa 5.23. 0.100 M वर त्याचा समतुल्य बिंदू 3.27 ला येतो. बफरचं सूत्र 24.90 mL वर लावलं तर 2.83 मिळतो, समतुल्य बिंदूच्याही खाली. तेच मघाचं फसणं, या वेळी दुसऱ्या टोकाला. वक्रात कडा असा उरतच नाही, आणि पाण्यात दर्शक वापरून हे टायट्रेशन नीट करता येत नाही.

प्रत्यक्ष प्रयोगात आकडे जुळले नाहीत तर

अमोनिया उडून जातो. बाटली उघडी राहिली, पिपेटने घेऊन शंकुपात्र तसंच ठेवून दिलं, किंवा द्रावण कोमट असलं तर समतुल्य बिंदू 25.00 ऐवजी 24.5 किंवा त्याहून आधी येतो. गंध येतोय म्हणजे अमोनिया पात्राबाहेर पडतोय. ओळखायचं कसं? टायट्रेशन सुरू होण्याआधीच अमोनिया गेला असेल तर तुमच्या स्वतःच्या समतुल्य आकारमानाच्या निम्म्यावर, म्हणजे 24.5 चे 12.25 mL, pH तरीही 9.26 च्या जवळच असेल, कारण तिथे उरलेला अमोनिया आणि तयार झालेलं अमोनियम सारखंच असतं. उलट, समतुल्य आकारमान बरोबर आहे पण सपाट पट्टा 0.2 किंवा 0.3 ने वरखाली सरकलाय, तर मीटरचं अंशशोधन पुन्हा करा. 0.05 ते 0.1 एवढा फरक मात्र मनाला लावून घेऊ नका: द्रावणातले आयन एकमेकांवर परिणाम करतात, आणि आपल्या साध्या गणितात तो धरलेला नाही. तापमानही बघा, कारण 25 °C च्या आसपास दर अंश सेल्सिअसला अमोनियमचा pKa सुमारे 0.03 ने खाली येतो.

अमोनिया उडण्याची अडचण फारच असेल तर क्रम बदला. शंकुपात्रात आधी मोजून जादा आम्ल घ्या, समजा 40.00 mL, आणि पिपेटचं टोक द्रावणात बुडवून त्यात अमोनिया सोडा. तो आम्लात शिरताच अमोनियम होतो, उडायला शिल्लक राहत नाही. मग उरलेलं आम्ल 0.100 M सोडिअम हायड्रॉक्साइडने मोजा, ते 15.00 mL लागायला हवं. दर्शक इथेही मिथाइल रेडच, कारण शेवटी पात्रात अमोनियम क्लोराइडच उरणार आहे. फरक इतकाच की या वेळी एकूण आकारमान 40 + 25 + 15 = 80 mL, NH₄⁺ 2.50/80 = 0.0313 M, आणि समतुल्य बिंदूचा pH 5.38.